यादीतून गेलेल्या नऊ

ऑफिसात तिला सगळे हजेरीबाई म्हणत. दहा जणांचा चमू रुग्णालयासाठी सॉफ्टवेअर बनवायचा. कोडमध्ये बदल केला की तो मुख्य कोडात घ्यावा म्हणून जो तो पुल रिक्वेस्ट टाकायचा. रोज सकाळी हजेरीबाई खुल्या रिक्वेस्टची आजची यादी कालच्या यादीशेजारी लावायची, नंबर ताडून बघायची आणि नवं काय आलं, काय गेलं ते रुग्णालयाच्या लोकांना मेलने कळवायची. काम कंटाळवाणं होतं, पण तिच्या हातून त्यात कानामात्रेची चूक होत नसे, आणि याचा तिला चांगलाच तोरा होता.

त्या दिवशी हिशेब असा होता: काल एक्केचाळीस, आज पस्तीस. तीन नंबर नवे. नऊ गायब.

तिच्या आधीचा माणूस अशा गायब नंबरांसमोर सरळ ‘पूर्ण’ लिहून मोकळा व्हायचा. काल होतं, आज नाही, म्हणजे झालं. हजेरीबाईला या हिशेबाचा मनस्वी राग होता. खुल्या यादीतून नाव जातं ते दोन वाटांनी: बदल मुख्य कोडात मिसळला, म्हणजे मर्ज झाला, किंवा रिक्वेस्ट तशीच बंद केली. यादी काही ते सांगत नाही. म्हणून ती गेलेला प्रत्येक नंबर उघडून बघायची.

नऊपैकी दोन मर्ज झाल्या होत्या. सात नुसत्याच बंद. सातही काल संध्याकाळी, चार मिनिटांच्या आत, साहेबांच्या खात्यावरून. त्यांत सहाशे बारा नंबरची होती. दोन डॉक्टरांनी एकाच रुग्णाला एकच औषध वेगवेगळ्या नावांनी लिहून दिलं तर पडद्यावर इशारा यावा, असा तो बदल. चाचण्या अडकल्या म्हणून तो दोन आठवडे रखडला होता. आज महिनाअखेरची बैठक, आणि यादी आखूड दिसायला हवी होती. ही सरळ सरळ धूळफेक होती.

साहेब तिच्या टेबलापाशी आले. वाईट माणूस नव्हता, पण वरच्यांपुढे पडती बाजू घ्यायची त्यांना सवय नव्हती. आधीच्या माणसासारखं एका ओळीत ‘नऊ पूर्ण’ लिहून टाक, असं त्यांनी सांगितलं. सहाशे बारा पुढच्या महिन्यात बघूच की. मग आवाज उतरवून आठवण करून दिली की तिचा करार याच महिन्यात संपतोय आणि नवा सहीसाठी त्यांच्याकडेच पडून आहे.

घरी आई होती, बहिणीचं शिक्षण होतं, आणि पगार आणणारी ती एकटीच. पण भीतीच्या मागोमाग संतापही आला, आणि तो जास्त जोरात होता.

“सर, मर्ज दोन, बंद सात. मी जे बघितलं तेच लिहिणार.”

“बंद केलेलं काम पण संपलेलंच असतं गं.”

“तुमच्यासाठी संपलं. तिकडे गोळ्या देणाऱ्यांसाठी नाही.”

तिने नंबरांसकट मेल पाठवला. साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण गेलेला मेल परत येत नाही.

बैठकीत रुग्णालयाच्या औषध विभागाच्या प्रमुख बाई पडद्यावर होत्या. इकडचं तिकडचं ऐकून घेतल्यावर त्यांनी मेल वाचायला घेतला आणि सहाशे बारापाशी थांबल्या. पुढच्या आठवड्यापासून परिचारिकांची औषधांची दुहेरी तपासणी थांबवायचं ठरलं होतं, कारण तोवर इशारा आला असेल असं त्या धरून चालल्या होत्या.

“म्हणजे तो इशारा आमच्याकडे येणार नाही?” त्यांनी विचारलं.

साहेब पुढच्या महिन्याचं काहीतरी सांगू लागले. हजेरीबाई म्हणाली, “नाही, बाई. बदल मुख्य कोडात गेलेलाच नाही. तपासणी थांबवू नका.”

बाईंनी तिथल्या तिथे तपासणी चालू ठेवायला सांगितलं. साहेबांकडे त्यांनी पुन्हा पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पस्तीसच्या छत्तीस झाल्या. गेलं काहीच नव्हतं, आणि कालच्या यादीत नसलेला एकच नंबर आज होता: सहाशे बारा. साहेब हातात कागद घेऊन आले. तिचा करार होता, सहीची जागा कोरी. काल यादीत नव्हती, आज आहे, तर ‘नवी’ लिहायला काय हरकत, असं ते अगदी गोड आवाजात म्हणाले. पेनचं टोपण त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं.

हजेरीबाईने कागदाकडे पाहिलं. मग पडद्याकडे वळून टाइप केलं: नवी एकही नाही. पुन्हा उघडलेली एक, सहाशे बारा, परवा संध्याकाळी साहेबांनी बंद केली होती.

“सही करायची तर हे वाचून करा, सर,” ती म्हणाली, आणि मेल पाठवून दिला.