विषय: उशीर होतोय

दुपारी पावणेबाराला थ्रीडीवाल्याने ठेकेदाराला मेल पाठवला. ठेकेदार आणि त्याची माणसं त्याला याच नावाने हाक मारत. पुलाच्या ठेक्यासाठी समितीला दाखवायची साडेतीन मिनिटांची थ्रीडी फिल्म त्याने संगणकावर एकट्याने केली होती. समिती उद्या दहाला बसणार होती.

मेलचा विषय होता: ‘डिलिव्हरीला उशीर होतोय’. आत लिहिलं होतं:

‘साहेब, फिल्म पूर्ण झाली आहे. ती प्रोजेक्टच्या आपल्या सामायिक खात्यात टाकत असताना खात्याने मला बाहेर काढलं. आज सकाळी तुम्ही खात्याचा फोन नंबर बदलून पडताळणी चालू केलीत, असं दिसतं. आता प्रत्येक लॉगिनचा कोड तुमच्या नव्या फोनवर येतो. ते कळेपर्यंत मी कोडशिवायच बरेचदा लॉगिन करून पाहिलं, ही माझी चूक. संशय येऊन खातं चोवीस तासांसाठी बंद झालंय. उद्या पावणेबाराआधी ते तुमच्याकडूनही उघडणार नाही. पण काळजी नको. फिल्म आणि सगळं काम माझ्या टेबलावरच्या काळ्या डिस्कवर आहे. खात्यात जागा पुरत नव्हती म्हणून दुसरी प्रत ठेवलेली नाही. तुमचा नवा नंबर माझ्याकडे नाही. मेल मिळताच फोन करा, मी डिस्क घेऊन निघतो.’

ठेकेदाराला मेलचा विषय वाचून निर्णय घ्यायची सवय होती. बाकीचं वाचायला माणसं ठेवली होती, आणि ती जेवायला गेली होती.

सव्वा वाजता थ्रीडीवाल्याच्या खोलीचं दार वाजलं नाही, ते थेट आत आलं. कडी भिंतीवर आपटली. मागे ठेकेदार, त्याच्यामागे त्याचा मेहुणा. मेहुण्याच्या हातात साइटवरची सळई.

“उशीर होतोय काय रे?” ठेकेदार म्हणाला. “दुसऱ्या पार्टीने किती दिले?”

“साहेब, मेल वाचलात ना?”

“वाचला म्हणूनच आलोय.”

पहिला फटका मॉनिटरवर बसला. दुसरा थ्रीडीवाल्याच्या खांद्यावर. तो खुर्चीसकट कोलमडला, आणि तोंडात रक्ताची चव आली तेव्हा त्याला कळलं की जीभ चावली गेली आहे. ठेकेदाराने त्याला कॉलर धरून उठवलं आणि भिंतीवर आदळलं. एकदा, मग पुन्हा, शांतपणे, भिंतीत खिळा ठोकावा तसं.

“खातं उघडत का नाही? मी तासाभरापासून उघडायला बघतोय! खात्याला कुलूप लावून मला नाचवतोस?”

“तुम्हीच नंबर बदललात, म्हणून...”

“म्हणजे चूक माझी?” ठेकेदाराने मेहुण्याकडे पाहिलं. “ऐकलंस?”

मेहुण्याने टेबलाचा खण उघडला, थ्रीडीवाल्याचा उजवा हात त्यात दाबला आणि गुडघ्याने खण बंद केला. आवाज लाकडाचा नव्हता. थ्रीडीवाला ओरडला, आणि त्या ओरडण्यात त्याला टेबलाच्या कडेला काळी डिस्क दिसली. मेहुण्याचं कोपर तिच्याकडे सरकत होतं.

“डिस्क! डिस्कला हात लावू नका! पाया पडतो!”

एवढं बोलायला नको होतं. मार खाताना याने एकदाही हात जोडले नव्हते, आणि आता एका डबीसाठी गयावया करतोय, हे ठेकेदाराच्या नजरेतून सुटलं नाही.

“हिच्यात जीव आहे होय याचा?”

त्याने ती जमिनीवर टाकली. मेहुण्याच्या हातातली सळई घेऊन तिच्यावर चार घाव घातले. पत्रा वाकला, आतली चकती फुटून भिंतीपर्यंत गेली.

“साहेब,” थ्रीडीवाला खाली बसत म्हणाला, “मेल शेवटपर्यंत वाचा.”

त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच बहुधा ठेकेदाराने फोन काढला. तो वाचत गेला तसे त्याचे ओठ हलत होते. ‘काळ्या डिस्कवर’पाशी ते थांबले. त्याने पायाखाली पाहिलं, मग पुन्हा फोनकडे.

“दाजी, काय झालं?” मेहुणा म्हणाला.

“गप्प बस.” आणि थ्रीडीवाल्याला, एकदम मऊ सुरात, “पुन्हा करता येईल ना रे? उद्या दहापर्यंत?”

थ्रीडीवाल्याने उजवा हात वर धरला. तीन बोटं नको तिकडे वळली होती.

दोघे आले त्याहून हळू गेले. दार लागेना, तरी मेहुणा ते लावायचा प्रयत्न करत राहिला.

त्याने फोन केला, तशी त्याची ताई दवाखान्यातून धावत आली. ती तिथे परिचारिका होती. तिने लाकडी पट्टी लावून बोटं बांधली, आणि शेवटची गाठ मारताना म्हणाली, “असल्यांना मेल लिहितोस? यांना पाटी लिहायची, पाटी!”

पोलीस ठाण्यातल्या बाकावर त्याने डाव्या हाताने फोनवर दुसरा मेल लिहिला. अर्धा तास लागला. या वेळी आत वाचायला काही ठेवलं नाही, सगळं विषयातच टाकलं: ‘फिल्म तुम्ही फोडली, हात तुमच्या मेहुण्याने मोडला, तक्रार नोंदवतोय’.

त्याने पाठवलं. आणि हवालदाराने नाव पुकारताच उठला.