सहा खड्यांचा ढीग

तपासनीस बाईंचं डोकं सकाळपासून तापलं होतं. हातातल्या पेपरात उत्तर बिनचूक होतं आणि मुख्य परीक्षकांनी दिलेले गुण होते दहापैकी शून्य. गणिताच्या शिबिरात एकच जागा उरली होती आणि ही मुलगी तिच्यासाठी सहा गुणांनी मागे पडली होती. जो पुढे होता, त्याने हा प्रश्न कोराच सोडला होता.

प्रश्न असा: खड्यांचे तीन ढीग, तीन, पाच आणि सहा. दोघांनी आळीपाळीने एकाच ढिगातून हवे तेवढे खडे उचलायचे, निदान एक तरी. शेवटचा खडा उचलेल तो जिंकला. पहिल्याने काय करावं? मुलीने लिहिलं होतं, 'काहीही केलं तरी दुसरा चुकला नाही तर पहिला हरणारच.'

"आदर्श उत्तर बघा की," मुख्य परीक्षक म्हणाले. "तिसऱ्या ढिगातून एक उचलावा."

"ते सातसाठी आहे, सर! तुम्ही सात धरून उत्तर काढलंत आणि पेपरात छापलंय सहा."

"एका खड्याने काय आभाळ कोसळतंय?"

बाई तरातरा बाहेर गेल्या, व्हरांड्यातल्या कुंडीतले खडे ओंजळभर आणून त्यांनी टेबलावर मांडले. "उचला. पहिले तुम्ही."

सरांनी तिसऱ्यातून एक उचलला. बाईंनी तीनचा अख्खा ढीग उचलला. उरले पाच आणि पाच. मग सर इकडून जितके घेत तितकेच बाई तिकडून घेत, आणि शेवटचा खडा बाईंच्या हातात आला. दुसऱ्या डावात सरांनी सहाही उचलले. बाईंनी पाचातून दोन काढले, तीन-तीन उरले. पुन्हा तेच.

"नशीब लागतं याला," सर म्हणाले.

"नशीब कसलं डोंबलाचं! द्विमान पद्धतीत लिहा. तीन म्हणजे दोन आणि एक. पाच म्हणजे चार आणि एक. सहा म्हणजे चार आणि दोन. चार दोनदा, दोन दोनदा, एक दोनदा, सगळे जोडीने. तुम्ही एकाच ढिगाला हात लावणार, म्हणजे कुठली तरी जोडी मोडणारच. मोडलेल्या जोड्या एका चालीत पुन्हा जुळवता येतात, नेहमी. टेबल रिकामं होतं तेव्हाही सगळं जुळलेलंच असतं. म्हणून शेवटचा खडा जुळवणाऱ्याचा! सात असते तर एक सुटा राहिला असता, मग पहिला जिंकला असता. पोरीने हे सगळं लिहिलंय, सर. तुम्ही वाचलंच नाही."

सरांनी खडे बाजूला सारले. मग म्हणाले, "ठीक आहे. प्रश्न सदोष. रद्द करू, सगळ्यांना दहा-दहा देऊ. कोणावर अन्याय नको."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. सगळ्यांना दहा म्हणजे मुलगी पुन्हा सहा गुणांनी मागेच!

"तुमची चूक झाकायला तिचं बरोबर उत्तर पुसताय तुम्ही. मी सही करणार नाही."

"नका करू," सर शांतपणे म्हणाले.

पाच वाजता शिबिराची निवड यादी गेली. बाईंच्या सहीच्या जागी सरांनी लिहिलं होतं, 'तपासनीस आज गैरहजर.' ते लिहिताना बाई त्यांच्या समोरच्याच खुर्चीत बसल्या होत्या.