एक वर्ष, पुढचं अहवालावर

आयेलेनला पीएचडी होऊन दोन वर्षं झाली होती. देशाच्या मोठ्या फेलोशिपसाठी पदवीनंतर तीन वर्षांच्या आतच अर्ज करता येतो. तिच्या हातात एकच वर्ष उरलं होतं आणि समोर पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या दोन जागा होत्या.

पहिली वाल्दिव्हिया शहरात, डॉ. ओस्वाल्दो ब्रेमर यांच्याकडे. समुद्रातल्या विषारी शेवाळावर काम करणाऱ्यांत त्यांच्या शब्दाशिवाय पानही हलत नव्हतं. मुदत एक वर्ष, दुसरं मिळणार ते मार्गदर्शकाच्या अहवालावर. दुसरी पुएर्तो मोंतच्या एका छोट्या संस्थेत, ग्रासिएला ओयार्सो या बाईंकडे. बाईंचं नाव कोणी ऐकलेलं नव्हतं, पण पैसा तीन वर्षांचा मंजूर होता.

आयेलेन हुशार, पण भाबडी. तिने ब्रेमरांच्या तीन जुन्या फेलोंना सरळ ईमेल केली: माणूस कसा आहे, दुसरं वर्ष देतात का, पेपरवर पहिलं नाव कोणाचं येतं? एका दिवसात तिघांचीही उत्तरं आली. 'अतिशय सहकार्य करणारे मार्गदर्शक.' तिघांनीही शब्दसुद्धा जवळपास तेच वापरले होते.

विद्यापीठात तिच्या बाजूच्या टेबलाशी बसणाऱ्या सहकारी निबाल्दोने ते वाचलं आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"लेखी विचारलंस? विद्यापीठाच्या ईमेलवरून?"

"मग कुठून विचारू?"

"फोनवर विचारायचं असतं गं. आणि यांना तर मुळीच नाही. हे तिघे अजून नोकऱ्या शोधतायत, प्रत्येकाला ब्रेमरचं शिफारसपत्र लागतं. ज्याने हे क्षेत्र सोडलं, त्याला गाठ. त्याला कोणाची भीती नसते."

ब्रेमरांच्या प्रयोगशाळेच्या वेबसाइटवर जुन्या फेलोंची यादी होती, पण सोडून गेलेल्यांची नावं तिथे कशी सापडणार? आयेलेन जुन्या पेपरांमध्ये शिरली. तेव्हा तिला जे दिसलं ते आधीच दिसायला हवं होतं. तिने पेपर मोजले होते, नावांचा क्रम पाहिला नव्हता. प्रत्येक पेपरवर पहिलं नाव नुकत्याच आलेल्या फेलोचं होतं. आदल्या फेलोचं नाव चौथ्या-पाचव्या जागी घसरलेलं, आणि त्याच्या आधीचा शेवटी आभाराच्या ओळीत. इसोलिना वेरा हे नाव आभारात तीनदा होतं, त्यानंतर कुठेच नाही.

इसोलिना आता ओसोर्नो गावातल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवत होती. फोनवर आधी ती नुसतीच हसली.

"पहिले दहा महिने तो तुला डोक्यावर घेऊन नाचेल. मग अहवालाची वेळ येते, आणि त्यात लिहिलेलं असतं: 'अजून परिपक्वता नाही'. दुसरं वर्ष गेलं. नमुने त्याच्या फ्रीझरमध्ये, आकडे त्याच्या कॉम्प्युटरवर. तू रिकाम्या हाताने बाहेर, आणि तुझं काम पुढच्याच्या नावावर. पुढच्याला वाटतं आपलं नशीब उघडलं. मलाही तसंच वाटलं होतं, बाई."

"तुम्ही तक्रार नाही केलीत?"

"कोणाकडे? मोठ्या फेलोशिपचे अर्ज तपासणाऱ्या समितीचा अध्यक्ष कोण, ते बघितलंस का?"

आयेलेनने फोन कानाशी धरूनच समितीचं पान उघडलं. अध्यक्ष: ब्रेमर. हे तिने आधी बघितलं नव्हतं.

त्याच दुपारी तिने ओयार्सोबाईंना होकार कळवला. बाईंचे पेपर मोजकेच होते, पण त्यांच्याकडून गेलेले चौघेही आज कुठे ना कुठे स्वतःचं काम करत होते. आयेलेनला वाटलं, सुटले.

तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. आवाज दबलेला होता.

"मुली, काल मला ब्रेमरांचा फोन आला होता. तुझ्या ईमेल त्यांच्यापर्यंत पोहोचल्यात. तिघांपैकी कोणी पाठवल्या, विचारू नकोस. मला म्हणाले, प्रश्न विचारणारी मुलगी आहे, जरा सांभाळून. बस, एवढंच."

"पण तुमचा पैसा तर मंजूर आहे ना, डॉक्टर?"

"माझा आहे. पण माझ्याकडच्या दोन पोरांचे अर्ज मार्चमध्ये त्यांच्या समितीपुढे जातायत. तुला घेतलं तर त्या पोरांचं काय होईल, मला सांगता येत नाही. मला माफ कर."

फोन ठेवल्यावर आयेलेन रडली नाही. तिला राग आला, बाईंचा नाही, स्वतःचा. त्या तीन ईमेल तिनेच पाठवल्या होत्या.

संध्याकाळी ब्रेमरांचा फोन आला. आवाज गोड, अगदी घरच्या माणसासारखा.

"आयेलेन, चौकशी करावीच माणसाने. मला आवडलं. इसोलिना बरी आहे ना? शाळेत मन रमतंय म्हणे तिचं." आयेलेनने इसोलिनाला केलेल्या फोनबद्दल निबाल्दोशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं. तिने बाजूच्या टेबलाकडे पाहिलं. निबाल्दो खाली मान घालून टाइप करत होता.

"मग, सोमवारी येताय?"

अजून एक वर्ष, एक अर्ज, आणि त्या अर्जासमोर बसणारा हाच माणूस. नाही म्हटलं तर ओसोर्नोच्या एखाद्या शाळेत जागा मिळेलही.

"दुसऱ्या वर्षाचं काय, डॉक्टर?" तिने विचारलंच.

"ते तुमच्यावर आहे," ब्रेमर म्हणाले. "अहवाल मी मनापासून लिहितो."

आयेलेनने डोळे मिटले आणि हो म्हटलं.