पहिल्या अंधारापर्यंत

शिरूरच्या रसिक मंडळात दारावर कुणाला उभं करायचं, हा प्रश्न म्हाळसाताई आल्यापासून मिटला होता. त्यांच्या आधी जे जे दारावर होते त्यांना पै-पाहुणे फार. कुणाचा साडू फुकट आत जायचा, कुणाचे शाळेतले मास्तर. म्हाळसाताईंचं माहेर मांडवगण फराट्याला, सासरचं माणूस कुणी उरलं नव्हतं, आणि दिवसभर साड्यांना फॉल लावताना ‘आजच पाहिजे’वाल्या बायकांना ‘उद्या’ म्हणायची सवय होती. दारावरच्या माणसाला याहून जास्त काय लागतं?

नाटकं व्हायची मंगल कार्यालयात. घडीच्या लोखंडी खुर्च्या, पाठीवर खडूनं घातलेले नंबर. दोन-तीन महिन्यांनी एखादी पुण्याची मंडळी यायची. ताई तिकीट फाडायच्या, अर्धं परत द्यायच्या, आणि तिसरी घंटा झाली की दार ओढून आतच शेवटच्या रांगेमागं खुर्ची टाकून बसायच्या. शेजारी दुसरी एक खुर्ची टाकायच्या. ती संपतची.

संपत रांजणगावला कारखान्यात होता. खेळ रविवारी संध्याकाळी, आणि त्याच्या कंपनीला सुट्टी गुरुवारी. सुटून, कंपनीच्या बसनं येईपर्यंत नाटक चांगलं रंगलेलं असायचं. तिकीट तो आधीच घेऊन ठेवी, पाचव्या रांगेतलं. पण अंधारात बायकांचे पाय तुडवत जायचं त्याच्या जिवावर यायचं. म्हणून दाराजवळ ताईंच्या शेजारी बसायचा आणि कुजबुजत विचारायचा, “काय काय झालं?”

“लग्न ठरलंय. पोरीच्या मनात न्हाई.”

“कोण, ती हिरव्या साडीतली?”

“ती आई हाय.”

“मग आईच बरी दिसतीया.”

ताई तोंडाला पदर लावून हसायच्या. संपतची बायको जाऊन सात-आठ वर्षं झाली होती, लेक दौंडला दिली होती, आणि खोलीवर स्टो आणि रेडिओ. तो त्यांना ताईच म्हणायचा. त्याला इलाज नव्हता. सगळं शिरूर म्हणायचं. मध्यंतरात दोन चहा तो आणायचा आणि पुन्हा तिथंच बसायचा. एवढंच काय ते होतं. पण दोन खेळांच्या मधल्या महिन्यांत म्हाळसाताई फॉल लावता लावता, पुढच्या वेळी गोष्ट कशी सांगायची, याची जुळवाजुळव करत असत. नाटक कुठलं येणार हे ठाऊक नसतानाही.

त्या पावसाळ्यात नाटक कंपनीचे व्यवस्थापक रविराज खेळाची तारीख ठरवायला आले, ते तोंड पाडूनच. हनुमंतराव मंडळाचे अध्यक्ष. त्यांचं खतांचं दुकान. दुकानातच, युरियाच्या पोत्यांना टेकून बैठक बसली. दाराचा विषय म्हणून ताईंनाही बोलावलं होतं.

“दौंडला काय झालं ऐकलंत ना,” रविराज म्हणाले. “अर्धा अंक होईस्तोवर माणसं येतायत. बॅटऱ्या मारतायत, खुर्च्या वाजवतायत. एक जण तर दुसऱ्या रांगेतनं ओरडला, अरे बबन, इकडं ये. आमच्या नटानं वाक्य तिथंच सोडलं आणि म्हणाला, बबन, बसून घे, मग मी मरतो. हसले सगळे. पण त्याला मरायचा सीन परत करता येईना.”

“आमच्याकडं तसं न्हाई होत,” हनुमंतराव म्हणाले.

“तुमच्याकडंही होतं. पुढच्या वेळी दार बंद होणार असेल तर येतो. नाहीतर नगरला जातो.”

“अर्धा तास उशिरा चालू केला तर?”

“तुमच्याच कार्यालयात रात्री हळदीचं जेवण आहे म्हणालात. आम्हाला सेट काढून द्यायचाय.”

मग रविराजांनी नाटकाचा हिशेब मांडला. पहिला प्रसंग वीसेक मिनिटांचा. तो संपला की स्टेजवर अंधार होतो, सामान हलतं. तोवर आलेल्यांना मागंच उभं करायचं आणि त्या अंधारात जवळच्या रिकाम्या खुर्च्यांवर बसवायचं. त्यानंतर दार बंद. जो येईल त्यानं मध्यंतरापर्यंत बाहेर बसायचं.

ताईंनी विचारलं, “दुसरा अंधार कधी होतो?”

“होतो, पाऊण तासानं. पण तेव्हा आमची बाई एकटी बसून रडत असते. तिथं खुर्ची वाजली तर मीही रडेन.”

हनुमंतराव ताईंकडं वळले. “दार तुमचं. तुम्ही सांगा. रांजणगावची बस पहिल्या अंधारात गावत न्हाई. दुसऱ्यात गावती. रविराजांना मी समजावतो पाहिजे तर.”

म्हाळसाताईंना नेमकं हेच हवं होतं, आणि नेमकं म्हणूनच त्यांना तोंड उघडवेना. आपल्या मनातलं कुणाला दिसेल या धास्तीनं माणूस कधीकधी गरजेपेक्षा जास्त प्रामाणिक होतो. त्या म्हणाल्या, “पहिल्या अंधारापर्यंत. दाराला दोन नियम नकोत. पण तिकिटावर आधी शिक्का मारा. पैसे घेऊन मग दार लावलं असं कुणी म्हणायला नको.”

शिक्का बनला. प्रत्येक तिकिटामागं जांभळ्या शाईत उठला: पहिला प्रसंग संपल्यावर दार बंद होईल, उशिरा येणाऱ्यांना मध्यंतरात बसवण्यात येईल. कार्यालयाच्या फाटकावरही तसाच फळा लागला. आता ताईंची खुर्ची दाराबाहेर ओसरीवर गेली, कारण आत बसून बाहेरच्यांना थोपवता येत नाही.

खेळाच्या दिवशी पहिला अंधार झाला. ताईंनी आत थांबलेले चौघे पाठीमागच्या खुर्च्यांवर बसवले, बाहेर येऊन दार लावलं. थोड्या वेळानं कंपनीची बस कोपऱ्यावर थांबली. सात-आठ जण आले. पुढं संपत, हातात डबा.

“झालं का चालू?”

“दार लागलंय, संपतराव. मध्यंतराला बसवते.”

तो दाराकडं बघत राहिला. “मला बी?”

“सगळ्यांना.”

एक सणसवाडीचा तरुण कामगार म्हणाला, “अरे दीदी, टिकट है अपना.” ताईंनी त्याचं तिकीट उलटून शिक्का दाखवला. त्याला मराठी वाचता येत नव्हतं, तेव्हा तोंडी सांगितलं. तो बाकावर बसला आणि संपतच्या डब्यात काय उरलंय ते विचारू लागला. एक जोडपं मात्र तणतणत हनुमंतरावांना शोधायला गेलं.

ओसरीवर बाकं होती. ताईंनी सगळ्यांची तिकिटं तिथंच फाडली, खुर्च्यांचे नंबर विचारून घेतले. भिंतीकडच्या खुर्च्यांवाल्यांना पुढं बसवलं, म्हणजे आत जाताना ते आधी जातील आणि कुणाला कुणाच्या गुडघ्यांवरून चढावं लागणार नाही. मग त्या आपल्या खुर्चीवर बसल्या. संपत जवळच्या बाकावर. आणि त्यानं नेहमीसारखं विचारलं, “काय काय झालं?”

अडचण अशी होती की ताईंनीही पाहिलं नव्हतं. दाराच्या फळीतून जेवढं ऐकू येत होतं तेवढंच त्यांच्यापाशी होतं. पण ‘मला ठाऊक न्हाई’ म्हणणं जमेना.

“एक म्हातारा हाय, खोकतोय. तो सासरा. सुनेला घराबाहेर काढायला निघालाय.”

“आन् नवरा?”

“नवरा गप हाय.”

“नवरे असत्यात गप.” बाकावरचे हसले. आतला म्हातारा पुन्हा खोकला, तेव्हा संपतनं मान हलवली. “लई वाईट सासरा.”

तो तास ताईंना फार बरा गेला. इतका की मध्यंतराची घंटा झाली तेव्हा उठायला उशीर झाला.

आधी चहाला जाणाऱ्यांना बाहेर पडू दिलं. दिवे लागले होते. पुढच्या रिकाम्या खुर्च्यांवर मागची काही माणसं सरकून बसली होती. त्यांना उठवून ज्याच्या त्याच्या जागी धाडलं. मग बाकांवरच्यांना एकेक करून नेलं. संपतची खुर्ची पाचव्या रांगेत, मधोमध. ताईंनी ती रुमालानं पुसली आणि म्हणाल्या, “बसा.” तो बसला. इकडंतिकडं पाहिलं, मग समोर. इतक्या जवळून पडदा त्यानं कधी पाहिला नव्हता.

खेळ संपल्यावर तो ताईंकडं आला तो चेहरा उजळून.

“ताई, तो सासरा न्हाई वो. घरमालक हाय. आन् नवरा गप न्हाई, तो मेलेलाय. फोटो लावलाय भिंतीवर, हार घातलेला.”

“असं का.”

“मागून दिसत न्हाई ना. पाचव्या रांगंतनं बाईच्या डोळ्यातलं पाणी दिसतंय, खरं पाणी. दोन वरसं मी उगा दाराशी बसलो.”

हे तो हसत म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. असतं तर बरं, असं ताईंना वाटून गेलं.

तेवढ्यात हनुमंतराव आले, कपाळ पुसत. “ताई, दोघांनी लई तणतण केली. पैसे परत मागत्यात. आपण जरा ढिलं करू या का? दुसऱ्या अंधारापर्यंत ठेवू. रविराज ऐकतील.”

म्हाळसाताईंनी संपतकडं पाहिलं. तो डबा हलवत पुन्हा बाईच्या रडण्याचं त्या सणसवाडीवाल्याला सांगत होता. एक शब्द पुरला असता. पुढच्या खेळाला तो अंधारात येऊन दाराशी बसला असता, आणि पाचव्या रांगेतली खुर्ची रिकामी राहिली असती. तो हसला असता, चहा आणला असता, आणि पडद्याकडं मान उंचावून बघत बसला असता.

“दार हाय तसंच राहू द्या,” त्या म्हणाल्या. “खेळ गुरुवारी लावा. कंपन्यांना सुट्टी असती. मग बस वेळेवर गाठायची भानगडच न्हाई.”

“हे कसं सुचलं न्हाई आपल्याला,” हनुमंतराव म्हणाले.

ताईंना ते दोन वर्षांपासून ठाऊक होतं.

पुढचा खेळ गुरुवारी लागला. संपत पहिल्या घंटेच्याही आधी आला, इस्त्रीचा शर्ट घालून. सोबत दौंडची लेक आणि जावई. तीन तिकिटं ताईंनी फाडली. “ह्या ताई,” तो लेकीला म्हणाला, “दारावर असत्यात.” लेकीनं नमस्कार केला. तिघं आत गेली.

पहिला अंधार झाला, दार लागलं. उशिरा कुणीच आलं नाही. हनुमंतराव दोनदा येऊन खूश होऊन गेले. ओसरीवरची बाकं रिकामी, कोपऱ्यावर एक रिक्षा. आत माणसं हसली, मग थोड्या वेळानं पुन्हा हसली. मध्यंतरात संपत दिसला तो जावयाला वडापाव घेऊन देताना. गर्दीतूनच त्यानं हात वर केला. ताईंनीही केला. मग घंटा झाली आणि त्यांनीच सगळ्यांना आत पिटाळलं, त्यालाही. “चला, बसून घ्या.”

बाहेर थोपवायला कुणी नव्हतं, म्हणून दुसऱ्या अंकाला त्या आत जाऊन शेवटच्या रांगेमागं बसल्या. स्टेजवर एक तरुण मुलगी बॅग भरत होती आणि रडत होती. कुणासाठी, हे ताईंना ठाऊक नव्हतं आणि विचारायला शेजारी कुणी नव्हतं. थोडा वेळ त्यांनी वाट पाहिली, कुणी काही बोलतंय का. मग आपल्या मनानंच त्या मुलीला एक माणूस देऊन टाकला, बरा, फारसा न बोलणारा, लांब कुठंतरी कामाला असलेला. आणि पुढचं बघू लागल्या.