कमाल मर्यादा एक हजार

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कालवा खात्यात पंचवीस वर्षं ओव्हरसियरकी केली आणि सगळी वर्षं इंग्रजीत लिहिलं. त्यामुळे निवृत्तीनंतरचं पहिलं खाजगी काम मराठीत मागायची वेळ आली तेव्हा लेखणी माझ्या हातात आली. मी बारामतीच्या शाळेत नववीत, निबंधात पहिली! मग काय, मी लगेच पाट ओढून बसले.

काम निरवांगीच्या भैरवनाथ उपसा संस्थेचं होतं. नीरेचं पाणी इंजिनाने उचलून वरच्या माळावर न्यायचं. त्यासाठी आधी मोजणी, मग नकाशा आणि खर्चाचा अंदाज. संस्थेने एवढ्यासाठीच दर मागवले होते. पण हे पसंत पडलं तर पुढे पंपघर आणि पाइपलाइन बांधताना देखरेखीचं दीड वर्षाचं कामही अण्णांनाच मिळणार होतं. निवृत्तीपासून त्यांची लेव्हलची दुर्बीण पेटीतच पडून होती. रोज संध्याकाळी ते ती काढायचे, पुसायचे आणि परत ठेवायचे. ते काम त्यांना किती हवं होतं हे त्यांनी सांगायची गरजच नव्हती.

मी लिहिलं : तज्ज्ञाचा दर प्रति मनुष्यदिवस पंधरा रुपये, अंदाजे चाळीस दिवस. मोजणीदाराचा दर सहा रुपये, अंदाजे तीस दिवस.

तज्ज्ञ म्हणजे अण्णा आणि मोजणीदार म्हणजे सिद्धू, त्यांच्या हाताखाली तयार झालेला. तो माझ्या खांद्यावरून वाचत होता. "मनुष्यदिवस? मग बाईमाणसाचा दिवस कुठं गेला, माले?"

"तो हिशेबात धरत नाहीत," मी म्हटलं, आणि अण्णासुद्धा हसले.

खाली खर्च लिहिला : एस.टी., बैलगाडी, नकाशाचं कापड, छपाई. जेवढा होईल तेवढाच, पावतीनिशी, दोनशेवीसच्या आत. आणि शेवटचं कलम अण्णांनी तोंडी सांगितलं, मी शब्द बसवले : 'मेहनताना व खर्च मिळून एकूण रक्कम कोणत्याही परिस्थितीत एक हजार रुपयांवर जाणार नाही. बिल प्रत्यक्ष भरलेल्या दिवसांचेच होईल. काम वाढल्यास संस्थेची लेखी परवानगी आधी घेतली जाईल.'

"हे कलम त्यांच्यासाठी आहे," अण्णा म्हणाले. "त्यांना रात्री झोप लागावी म्हणून."

इंदापूरला बाजारच्या दिवशी एका अडतीच्या माडीवर संस्थेची बैठक भरली. खाली वांग्यांचे लिलाव, वर आम्ही. अण्णांचा घसा बसला होता, म्हणून कागद मी वाचला. खणखणीत वाचला! चेअरमन सोपानराव भाजीचे मोठे बागाईतदार. ते म्हणाले, "म्हंजे हजार उक्तं."

"उक्तं नाही, आबा," मी म्हटलं. माडीवरची सगळी पागोटी माझ्याकडे वळली. "उक्तं असतं तर दिवस कमी लागले तरी तुम्हाला हजारच द्यावे लागले असते. ही कमाल मर्यादा आहे. याच्या वर जाणार नाही, खाली येऊ शकतं."

"खाली येतंया?" सोनबा पुढे सरकून बसले. आधी मेंढरं होती, आता माळावर जमीन. सगळ्यांत उंच रान त्यांचंच. "आन् वर जात न्हाय? ह्ये बेस हाय की वं!"

"पोरगी वकील व्हनार, ओव्हरसियर," सोपानराव म्हणाले. ठराव झाला. परतीच्या एस.टी.त मी सबंध वाट बडबडत होते.

काम झपाट्याने झालं. ज्वारी काढून झाली होती, रान मोकळं, दुर्बिणीच्या आड काहीच येत नव्हतं. गावाने साखळी धरायला आपली माणसं दिली. अण्णा उजाडताच माळावर असायचे. चाळीसच्या जागी त्यांचे तीस दिवस लागले, सिद्धूचे बावीस, खर्च एकशे त्रेसष्ट. बिल झालं सातशे पंचेचाळीस. अंदाजपत्रकात अण्णांनी लिहिलं की माळाच्या माथ्यापर्यंत पाणी चढवायचं तर पंचवीस घोड्यांच्या ताकदीचं इंजिन लागेल. बिलाला पावत्या टाचणीने लावून आम्ही पुन्हा माडीवर गेलो. मी नवीन परकर नेसले होते. कौतुक होणार याची मला खात्रीच होती.

सोपानरावांनी बिल पाहिलं. पुन्हा पाहिलं. "सातशे पंचेचाळीस?"

"दिवस कमी लागले," अण्णा म्हणाले.

"बरं झालं. देऊन टाका रं, पुरते द्या." रोकड मोजून झाली, चहा आला. मग सोपानराव बशी खाली ठेवून अगदी मायेने म्हणाले, "ओव्हरसियर, राग मानू नका. पर मग अडीचशाच्या आसपास तुमी आधीच चढवून ठिवलं हुतं म्हना की."

"चढवलं नव्हतं. ती मर्यादा होती. काम अडलं असतं तर लागले असते."

"अवो, आमी काय बाजार करत न्हाय का? वांग्याचा भाव धा सांगायचा, साडेसातला द्यायचा. मानूस कुठं उतरलं, त्यावरनं त्यानं किती चढवलं ते कळतं."

"आबा, मी त्या दिवशी सांगितलं होतं," मी मध्ये पडले. "खाली येऊ शकतं म्हणून!"

"सांगितलंस की. म्हनून तर आमी समजून हुतो, उतरनार म्हनून." सगळे हसले. मला नाही, माझ्याबरोबर हसले, आणि तेच जास्त लागलं.

मग सोपानरावांनी अंदाजपत्रक उघडलं. "मेहनतान्यात चौथाई चढवली, तर इंजिनातबी असंलच. पंचवीस घोडं ल्हिलंय. चौथाई काढा. अठरा धरूया."

अण्णांनी अंदाजपत्रकावर बोट ठेवलं. "इंजिन... घासाघीस करायची गोष्ट नाही. उंची मोजलीय मी."

"मोजली असंल. पर बांधकामाला पुन्याचं यक हापिस हाय, त्यांनी उक्तं सांगितलं. अठरा घोडं, पाइप, देखरेख, समदं यका आकड्यात. चढउतार न्हाय. त्येच करूया. काय म्हंता?"

हात वर झाले. सोनबांचा सर्वांत आधी. अण्णांनी पावतीवर सही केली, 'पूर्ण रक्कम पोहोचली' असं लिहिलं. मी काहीतरी बोलणार होते. अण्णांनी नुसती नकारार्थी मान हलवली, आणि मी त्यांच्या मागोमाग माडी उतरले.

स्टँडवर सोनबा आमच्याबरोबर आले. अण्णांना हात लावू न देता दुर्बिणीची पेटी त्यांनीच एस.टी.च्या टपावर चढवली, दोरी ओढून पाहिली.

"सोनबा," अण्णा म्हणाले, "तुमचं रान सगळ्यांत वर. अठरा घोड्यांनी पाणी तिथवर चढणार नाही. खालच्यांना मिळेल, तुम्हाला नाही."

सोनबांनी इकडेतिकडे पाहिलं, अण्णांच्या अगदी जवळ आले. "आता हितं कुनी न्हाय. खरा आकडा सांगा की."

"पंचवीस."

"तसं न्हवं वं. उतरून सांगा."

"उतरून पंचवीसच."

सोनबांनी जरा वाट पाहिली. मग समजूतदारपणे हसले, अण्णांच्या खांद्यावर थोपटलं. "ऱ्हाऊ द्या. तुमचाबी धंदा हाय."

कंडक्टरने घंटी मारली. सोनबा खाली उभे राहून हात हलवत होते, अगदी घरच्या माणसासारखे. मी खिडकीतून तोंड वळवलं. अण्णांनी मात्र हात हलवला.