अण्णांचे तीन मुद्दे

आमच्या कमरीपेठेतल्या समाजमंदिरात माईक एकच आहे आणि तो नागोजीअण्णांकडे असतो. तसा कुणी ठराव केलेला नाही. सभा सुरू झाली की अध्यक्ष दोन शब्द बोलतात, माईक अण्णांच्या हातात देतात आणि मग तो चहा येईपर्यंत काही परत येत नाही. चहा आला की सभा संपली, अशी आमच्याकडची रीत.

दुसरी रीत त्याहून जुनी. उभा राहून माईकवर बोलला तोच बोलला असं धरायचं. बसल्या जागेवरून कुणी काही म्हटलं तर ते इतिवृत्तात येत नाही. आधीचे चिटणीस असंच लिहायचे, मीही तसंच लिहीत आले. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही शिकले ते बांगड्यांच्या दुकानात बसून, गिऱ्हाईक नसताना, हाताला लागेल ते वाचून. अक्षर बरं आहे म्हणून मला चिटणीस केलं. डोकं बरं आहे असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

अण्णांचं पत्र्यांचं दुकान. पत्रा कापायच्या आवाजावर आवाज चढवण्यात जन्म गेला, त्यामुळे घरात मीठ मागायचं झालं तरी ते शेजारच्यांना मागितल्यासारखं वाटतं. माणूस मनानं चांगला. कुणाच्या घरी आजारपण आलं तर रिक्षा घेऊन पहिले तेच दारात उभे. फक्त रिक्षा येण्याआधी आवाज येतो.

तर एका रविवारी विषय होता मागच्या खोलीचा. त्या खोलीत कुसुमावतीअक्का दुपारी शिवणाचा वर्ग घेतात. आठवडी बाजारात आणि दुकानांत काम करणाऱ्या घरांतल्या मुली येतात. अण्णांच्या मनात ती खोली पाडून स्टेज मोठं करायचं होतं. लग्नं जास्त येतील, समाजाचं नाव होईल. त्यांनी गवंड्याला "आठ दिवसांनी सोमवारी ये" असं सांगूनही टाकलं होतं. आता फक्त इतिवृत्तात 'सर्वानुमते' हा शब्द यायचा बाकी होता. माझ्या हातून. इतिवृत्त आधी व्हाट्सअॅपच्या ग्रुपवर जातं, पुढच्या रविवारी वाचून कायम होतं आणि कायम झालं की काम सुरू.

अण्णा बोलले. मग जे बोलले तेच परत, जरा हात वर करून बोलले. मधेच, "काय संतोष, बरोबर ना?" असं विचारलं आणि "बरोबर!" असं उत्तरही स्वतःच दिलं. संतोष वायरिंगची कामं करतो. भिंतीला टेकून बसला होता. त्याचे ओठ हललेले मी पाहिले. पलीकडे सतरंजीवर कुसुमावतीअक्काही काहीतरी म्हणाल्या, पण तेव्हा अण्णा लग्नाच्या वरातीपर्यंत पोचले होते. शेवटी, "सगळ्यांना मान्य?" म्हणून त्यांनी विचारलं. तेवढ्यात चहा आला. सगळे उठले.

घरी आल्यावर माझी लेक स्नेहा म्हणाली, "आई, लिहीत कशाला बसतेस? सभा फोनवर रेकॉर्ड केलीयस ना? या अ‍ॅपमध्ये टाक, हे ऐकून सारांश काढून देतं."

टाकलं. मिनिटाभरात सारांश आला. पहिल्या मुद्द्यापासून शेवटच्या मुद्द्यापर्यंत नागोजी, नागोजी, नागोजी. तळाला एक ओळ: 'इतर उपस्थितांनी सहमती दर्शवली.'

"बघ," मी म्हटलं, "यालाही अण्णांनी दाबून टाकलं."

स्नेहा हसली. "मग तू कान लावून ऐक."

ऐकलं. कानात इअरफोन घालून दुकानात बसले. अण्णांच्या आवाजाखाली, बर्फाच्या गोळ्याखालच्या काडीसारखं, संतोषचं बोलणं सापडलं, आमच्या भागात चालतं तसं कानडीत. "आगंगिल्ल अण्णा," म्हणजे जमायचं नाही. त्यापुढे विजेच्या बोर्डाचं काहीतरी. अक्कांचं मात्र 'मशिनी' एवढंच कळलं आणि पुढे वरात.

तेव्हा मला भलताच जोर चढला. इतकी वर्षं आपण अण्णांचे भाट होतो, आता न्याय करायचा, असं ठरवून मी कागद ओढला. 'श्री. नागोजी यांनी नेहमीप्रमाणे सविस्तर विचार मांडले.' झालं, अण्णा संपले. आणि मग अक्कांसाठी अशी काही लेखणी चालवली की विचारू नका! 'खोली पाडणे म्हणजे समाजातील लेकींच्या पायाखालची जमीन काढून घेणे होय.' हे वाक्य लिहून मी स्वतःवरच खूश झाले आणि नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "छान आहे. कुसुमावतीअक्का असं बोलल्या?"

"मनात तर असणारच की."

"मग त्यांच्या मनाचं इतिवृत्त लिही, सभेचं कशाला?"

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी कागद घेऊन वर्गात गेले. मुली मशिनीवर वाकलेल्या. अक्कांनी चष्मा पुसला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि सावकाश वाचला. मी कौतुकाची वाट बघत उभी.

"मंगल, हे कोण बोललं ग?"

"तुम्ही, अक्का."

"मी एवढं माझ्या लग्नातसुद्धा कधी बोलले नाही." त्यांनी जमिनीवाल्या वाक्यावर बोट ठेवलं. "हे काढ. मी एवढंच म्हटलं, खोली पाडायची तर आधी मशिनी कुठं ठेवायच्या ते सांगा, आणि वर्ग बंद पडायला नको. पाडू नका असं मी म्हटलेलं नाही."

"पण तुम्हाला पाडायला नकोय ना?"

"नकोय. पण बोलले नाही ना. बोलेन तेव्हा लिही." त्या परत कागदात शिरल्या. "आणि अण्णांचं पाण्याचं कुठं गेलं?"

"कुठलं पाणी?"

"मागच्या भिंतीत पाणी मुरतंय म्हणाले की ते. खरंच मुरतंय. हे बघ." भिंतीला हात लावून त्यांनी ओला तळवा मला दाखवला. "चांगला मुद्दा होता तो. तू 'नेहमीप्रमाणे' लिहून घालवलास. असं चेष्टेनं लिहिलंस तर ते चिडतील आणि माझंही कुणी वाचणार नाही."

मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. अण्णांचा आवाज नको म्हणून मी त्यांचा मुद्दाच टाकून दिला होता.

संध्याकाळी संतोषच्या दुकानात गेले. "तू काय म्हणाला होतास ते पुरं सांग बाबा. मला अर्धंच ऐकू आलं."

"मला तर तेवढंही बोलू दिलं नाही," तो हसून म्हणाला. मग नीट सांगितलं. सगळ्या इमारतीचा मेन बोर्ड त्याच खोलीच्या भिंतीवर आहे. तो हलवल्याशिवाय भिंतीला हात लावता येणार नाही आणि हलवायचा तर वीज कंपनीची परवानगी लागते.

"यातलं सभेत बोललास किती?"

"आगंगिल्ल, आणि बोर्ड भिंतीवर आहे, एवढं. परवानगीचं आता सांगतोय."

मग तसंच लिहिलं. सभेतलं सभेत आणि नंतरचं खाली वेगळ्या ओळीत, 'सभेनंतर विचारल्यावर सांगितले' म्हणून. या वेळी माणसांप्रमाणे लिहिलं नाही, विषयाप्रमाणे लिहिलं. स्टेज, भिंत, बोर्ड, मशिनी. अण्णांचं सगळं बोलणं परत ऐकलं. तीन मुद्दे निघाले: स्टेज मोठं केल्यास लग्नं वाढतील, भिंतीत पाणी मुरतं, पावसाआधी काम व्हावं. एकच गोष्ट कितीदाही सांगितली तरी लिहिली एकदाच, पण त्यांच्याच शब्दांत आणि नावानिशी. शेवटी 'सर्वानुमते' लिहायच्या जागी लिहिलं: 'मान्य आहे का असे विचारले गेले. उत्तर येण्यापूर्वी सभा संपली. निर्णय झालेला नाही.' कच्चा मसुदा अक्कांना, संतोषला आणि अण्णांनाही पाठवला, ज्याचं जे चुकलं असेल त्यानं कळवावं म्हणून. अक्कांनी 'बरोबर' कळवलं. संतोषनं अंगठा पाठवला. अण्णांनी फुलांचं 'शुभ सकाळ' पाठवलं, म्हणजे वाचलं नव्हतं.

रविवारी सभेत वाचायला उभी राहिले. गवंडी दारातच बसला होता, तंबाखू मळत. वाचून झालं.

"मंगलाबाई, हे काय?" अण्णा माईकशिवायच गरजले. "मी पाऊण तास बोललो. ओळी तीन?"

"मुद्दे तीन होते अण्णा. एखादा राहिला असेल तर सांगा, आत्ता घालते."

अण्णांनी बोटं उघडली. एक, दोन, तीन. चौथं बोट बराच वेळ हवेत राहिलं आणि मग परत मिटलं.

"राहिलं नाही काही," ते म्हणाले. मग संतोषकडे वळले. "आणि काय रे, बोर्डाचं कधी बोललास तू? मी तर ऐकलं नाही."

"तुम्ही 'बरोबर ना' विचारलंत की अण्णा, तेव्हा. मी 'नाही' म्हणत होतो."

"मग मोठ्यानं म्हणायचं!"

"तुमच्याहून मोठ्यानं?" संतोषनं विचारलं, आणि आख्खी सतरंजी हसली. दारात गवंडीही हसला. अण्णांनाही हसू आलं, पण ते दाबून त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"आणि अक्का, तुम्ही मशिनींचं म्हणालात. पुढं?"

अक्का उठल्या नाहीत. बसल्या बसल्याच काहीतरी बोलायला लागल्या. मागच्या लोकांना ऐकू येईना, म्हणून अण्णांनी माईक उचलला आणि त्यात ओरडले, "शांत! अक्का बोलतायत!" भोंगा असा शिटी मारून उठला की अक्कांनी कान झाकले.

"अण्णा," मी म्हटलं, "तो माईक खाली ठेवा आणि इकडे येऊन बसा."

ते आले. गुडघे कुरकुरत सतरंजीवर बसले, अक्कांच्या अगदी समोर. बाकीचेही सरकत पुढे आले. मग अक्का बोलल्या, आणि या वेळी मनातलंही बोलल्या. खोली पाडू नका, आधी भिंत सुधारा, मुलींना दुसरी जागा नाही. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

चहा आला. रीतीप्रमाणे सगळे उठायला लागले.

"बसा, बसा!" अण्णा म्हणाले. "अजून विचारलं कुठंय? चहा पीत हात वर करा." हात वर झाले, मी मोजले आणि लिहिलं: आधी भिंतीची दुरुस्ती, बोर्डाचं संतोष बघणार, खोली आहे तशी राहील. स्टेजचं पुढं. अण्णांचा हात शेवटी वर गेला, पण गेला. मग त्यांनी गवंड्याला हाक मारली. पाडायचं नाही म्हणाले, गिलावा करायचा, उद्याच ये.

जाताना ते माझ्याजवळ थांबले आणि आवाज खाली आणायचा प्रयत्न करत म्हणाले, "मंगलाबाई, आजचं लिहाल तेव्हा पाण्याचा मुद्दा मूळ माझा होता, एवढं मात्र घाला."

"मागच्यात घातलाय, आजच्यातही घालते अण्णा. अक्कांनीच आठवण करून दिली होती."

अण्णा अक्कांच्या खोलीकडे बघत चहाचा रिकामा पेला हातात फिरवत राहिले. हे इतिवृत्तात कसं लिहायचं ते मला अजून येत नाही.