तीन वह्यांचा नियम

वर्गात एकतीस मुली होत्या आणि वह्याही एकतीसच. पण प्रत्येकीच्या वहीत तोच धडा वेगळ्याच वाटेनं गेलेला. कुणी शिक्षिकेचं बोलणं जसंच्या तसं उतरवलेलं, कुणी अर्ध्यातच झोपलेली, कुणी वरच्या वर्गातल्या ताईच्या नोट्सची झेरॉक्स आणून पुठ्ठ्यात शिवलेली. अकोल्याच्या त्या नर्सिंग स्कूलमध्ये वरच्यांच्या वह्या खालच्यांना देऊन जायची रीतच होती. शेवटच्या वर्षाची मुलगी निघाली की तिची वही वसतिगृहात मागे राहायची.

गीतांजली प्रात्यक्षिकात दोनदा नापास झाली, तेव्हा तिच्या खोलीतली मैत्रीण प्रतीक्षा तिच्या खाटेवर बसून तिच्या वह्या चाळत होती. एकाच विषयाच्या तीन वह्या, एक तिची आणि दोन वरच्यांकडून आलेल्या, आणि तिन्हींत तीन गोष्टी.

"अवं, तू वाचतं तरी कोनती?" प्रतीक्षानं विचारलं.

"सगळ्याच वाचतो," गीतांजली म्हणाली. "अन् मंग परीक्षेत उभी राह्यली की तिन्ही वह्या एकदमच बोलतेत डोक्यात."

हसली ती, पण डोळे हसले नाहीत. तिचे वडील वामनराव धामणगाव रेल्वेजवळ फुलशेती करायचे. पहाटे झेंडूची पोती बाजारात न्यायला माणूस कमी पडायचा. दुसऱ्यांदा निकाल लागल्यावर ते एवढंच म्हणाले होते, "आता यकदा बस माय, पन हे शेवटची. मंग फुलं तोडाले ये." रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत.

त्या आठवड्यात प्रतीक्षानं ज्योत्स्ना मॅडमना विचारलं, "मॅडम, साऱ्या वह्या एका जागी आणल्या तर? शाळेच्या संकेतस्थळावर वर्गाची एक विकी करू, सगळ्यांना लिहिता-बदलता येईल अशी. एका विषयाला एकच पान."

मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला. "करा. पण नियम तुम्हीच घाला, नाहीतर ते पान म्हणजे भाजीबाजार व्हायचं."

नियम प्रतीक्षानंच घातले. प्रत्येक पानाला एक राखणारी मुलगी, ती साऱ्यांच्या वह्या बघून पान जुळवणार. बदल केला की खाली एका ओळीत काय बदललं ते लिहायचं. दुसरीची ओळ काढायची तर आधी पानामागच्या 'चर्चे'त कारण मांडायचं. वह्यांत फरक निघाला, तर ज्या बाजूला निदान तीन वह्या असतील ते ठेवायचं. आणि परीक्षेच्या दोन दिवस आधी मॅडम पानाला कुलूप लावणार, म्हणजे घाईगडबडीत कुणी काही बिघडवायला नको.

हे नियम तिला फार सरळ वाटले होते. पाच माणसं मिळून देवळाची एक पायरी घडवतात तसं काहीसं. कुठला दगड कुणाचा, हे मग कोण विचारतं?

महिन्याभरात पानं भरली. जखमेची पट्टी, तापाची नोंद, रुग्णाला कूस बदलवणं, सारं एका जागी. आधी ज्या मुली हसल्या होत्या, त्याच आता रोज उघडू लागल्या. गीतांजलीनं तर आपल्या तिन्ही वह्या ट्रंकेत टाकल्या आणि पानांच्या प्रती काढून उशाशी ठेवल्या. प्रतीक्षानंच तिला सांगितलं होतं, "बाकी सोड. पान एकच ठेव. जे साऱ्याईनं मिळून लिवलं, ते एकटीच्या वहीपेक्षा खरं असते."

'शिरेतून सलाईन' हे पान करिश्माकडे होतं. ही अकोल्यातलीच, जठारपेठेतली मुलगी, हुशार आणि शिस्तीची. तिनं पान जुळवलं तेही नेटकं. त्यात हिशेब होता: पाचशे मिलीची बाटली चार तासांत संपवायची, तर पाचशे गुणिले एका मिलीचे पंधरा थेंब, भागिले दोनशे चाळीस मिनिटं, म्हणजे मिनिटाला एकतीस थेंब.

प्रतीक्षानं ते वाचलं आणि तिला घासात खडा लागल्यासारखं झालं. वार्डात सिस्टरनी तिला सलाईनच्या नळीच्या सेटचं पाकीट हातात देऊन म्हटलं होतं, "पाठ केलेला आकडा वापरायचा नाई. इथं छापलेलं असते, एका मिलीत किती थेंब, ते वाचायचं." त्या पाकिटावर वीस होते. वीस धरले की मिनिटाला बेचाळीस थेंब पडतात. बारीक थेंबांच्या सेटवर तर साठही असतात.

तिनं पानात ओळ टाकली: "पंधरा हा आकडा पाठ करू नये. सेटच्या पाकिटावरचा आकडा घ्यावा. आपल्या वार्डातल्या सेटवर वीस आहे."

दुसऱ्या दिवशी ती ओळ नव्हती. पानाच्या 'इतिहासा'त, म्हणजे बदलांच्या नोंदीत, बघितलं तर करिश्मानं काढलेली होती आणि खाली कारणही लिहिलं होतं, नियमाप्रमाणे: "तीन वह्यांत पंधरा आहे. वीस एकाच वहीत."

जेवणाच्या रांगेत प्रतीक्षानं तिला गाठलं. "करिश्मा, पाकीट पाह्य ना तू एकदा."

"अवं, मी कशाले पाहू? मी आपली पान राखणारी," करिश्मा ताट पुढं करत म्हणाली. "रेणुकाची वही, प्रांजलची वही, नीलिमाची वही. तिन्हीत पंधरा. तुझाच नियम हाय ना बाई? की तुझी ओळ असली की नियम वायला?"

मागच्या दोघी हसल्या. करिश्मा चुकीचं बोलत नव्हती, हीच अडचण होती.

संध्याकाळी तिनं त्या तिन्ही वह्या मागून आणल्या आणि खाटेवर ओळीनं मांडल्या. तिन्हींत तोच हिशेब, त्याच जागी तोच बाण, आणि 'दोनशे चाळीस' या आकड्याखाली तीच दुहेरी रेघ. ज्योतीताई म्हणून एक मुलगी दोन वर्षांपूर्वी पास होऊन गेली होती, तिच्या वहीची झेरॉक्स तिघींनी उतरवली होती. तिच्या काळात वार्डात पंधराचा सेट असेलही. ती तेव्हा बरोबरच असेल. पण तीन वह्या म्हणून मोजल्या त्या खरं तर एकच वही होती.

तिनं चर्चेत सगळं लिहिलं. वह्या कुठून आल्या, पाकिटावर काय आहे. पाकिटाचा फोटोही टाकला. खाली विचारलं, "मान्य असेल तर तिघींनी 'हो' लिहा."

चर्चा कुणी उघडतच नव्हतं. पान वाचायला सगळ्या यायच्या. पानामागं काय चाललं आहे ते बघायला कुणाला वेळ होता? परीक्षा पाच दिवसांवर आलेली. एक 'हो' आला, रेणुकाचा. दुसरा आलाच नाही. मुलींना ती थांबवून सांगायला गेली, तर कुणी म्हणे "बघतो ना संध्याकाळी," कुणी म्हणे "आता कायले नवीन काढतं बाई, आधीच डोकं फिरून राह्यलं."

तिसऱ्या दिवशी पानाला कुलूप लागलं. मॅडम परीक्षक म्हणून दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या होत्या, जाण्याआधी त्यांनी सारी पानं एकदम बंद केली. प्रतीक्षानं फोन लावला, तो बंद. निरोप टाकला, त्यावर दुसरी खूणही उमटली नाही. परीक्षेच्या कामात फोन जमा करतात, हे तिलाही ठाऊक होतं.

उरली गीतांजली. निदान हिला तरी तोंडानं सांगता येत होतं.

"गीता, तो सलाईनचा हिशेब आहे ना, त्यात पाकीट पाहून आकडा घेजो. पंधरा नाई."

गीतांजलीनं उशाखालची प्रत काढली. कडेनं ती मऊ झालेली. "पानावर तर पंधरा हाये."

"पान चुकलं."

"पान कसं चुकन? साऱ्याईनं मिळून लिवलं." ती घाबरून प्रतीक्षाकडे बघत होती. "पायजो, मले आता घोळात टाकू नको. तूच म्हनली होती, एकच धर. म्या एकच धरलं. आता तू म्हनतं की ते सोड, मंग मी काय धरू?"

"माह्यं ऐक ना."

"तुह्यं एकटीचं ऐकू की तीस जनीचं?"

त्या प्रश्नाचं उत्तर प्रतीक्षानं स्वतःच महिनाभर साऱ्या वर्गाला शिकवलं होतं. तिनं देवाचं नाव घेतलं, दुसरं काय हातात होतं? गीतांजलीनं प्रत पुन्हा उशाखाली ठेवली आणि डोळे मिटून पुटपुटू लागली, पंधरा, पाचशे, दोनशे चाळीस.

परीक्षेच्या दिवशी मुली दारापाशी एका रांगेत उभ्या होत्या. आत टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलावर एक काम. बोलायला बंदी. गीतांजलीचा क्रमांक प्रतीक्षाच्या आधी तीन. दार अर्धवट उघडं होतं, त्यातून सलाईनचं टेबल दिसत होतं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी गीतांजलीपुढं सेटचं बंद पाकीट ठेवलं. पाकीट तिच्या हातात होतं. अंगठा नेमका छापील आकड्यावर पडला होता.

प्रतीक्षाच्या ओठांपर्यंत शब्द आला. शेजारी उभ्या शिक्षिकेनं बोट दाखवलं आणि तो तिथंच राहिला.

"पाचशे मिली, चार तास. किती थेंब?" बाईंनी विचारलं.

"एकतीस," गीतांजली लगेच म्हणाली. इतक्या ठामपणे ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

"नक्की?"

"हो मॅडम. पंधरानं."

"पाकीट वाचलंस का?"

गीतांजलीनं खाली बघितलं. आता वाचलं.

"या वेगानं चार तासांची बाटली जवळपास साडेपाच तास चालेल," बाई म्हणाल्या. आवाज कठोर नव्हता, थकलेला होता. "पाकीट न वाचता सलाईन लावणाऱ्या मुलीला मी वार्डात कशी पाठवू, बेटा?"

आणखी दोघींनंतर प्रतीक्षा आत गेली. पाकीट उलटं केलं, वीस वाचले, बेचाळीस सांगितले. बाई म्हणाल्या, "शाबास." तो शब्द तिला गोड लागला नाही.

पास झालेल्यांची यादी दुसऱ्या दिवशी दुपारी लागली, तीत गीतांजलीचं नाव नव्हतं. गीतांजलीनं सामान आधीच बांधलं होतं. स्टेशनवर प्रतीक्षा तिची ट्रंक धरून चालली. फलाटावर दोघींनी एक चहा दोन पेल्यांत केला.

"मी तुह्या बाबाले विचारीन, आनखी एकदा बसू द्या म्हनून," प्रतीक्षा म्हणाली. "फोन लावून देजो."

"त्याईले नको विचारू. ते 'नाई' म्हनत नाई, नुसते गप बसतेत. ते पाहवत नाई मले."

तेवढ्यात प्रतीक्षाचा फोन वाजला, मग पुन्हा, मग सारखा वाजतच राहिला. मॅडम परतल्या होत्या. कुलूप काढलं होतं. प्रतीक्षाची ओळ करिश्मानं स्वतः पानात परत टाकली होती आणि चर्चेत एकामागून एक 'हो' येत होते. रेणुकाच्या एका 'हो'खाली आता चोवीस झाले होते.

"कोनाचं वं एवढं?" गीतांजलीनं विचारलं.

"विकीचं."

"तुही ओळ घेतली?"

"घेतली."

"बरं झालं." गीतांजलीनं चहाचा शेवटचा घोट घेतला आणि पेला कचरापेटीत टाकला. "खालच्या पोरी वाचतीन."

गाडी लागली. प्रतीक्षानं ट्रंक वर चढवली, खिडकीशी येऊन उभी राहिली. काहीतरी सांगायचं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण जे सांगायचं होतं ते परीक्षेआधीच सांगून झालं होतं, आणि आता खरं ठरल्यामुळं त्याचा काही उपयोग उरला नव्हता. खिडकीतून गीतांजलीनं हात बाहेर काढला. प्रतीक्षानं तो धरला, गाडी हलेपर्यंत सोडला नाही. फोन खिशात अजून वाजत होता.